काकांचे दोन प्रश्न

दिवसा मी औषधं विकते आणि संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. या दोन्ही कामांत मला उभं केलं ते सांगलीत आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त एरिया मॅनेजरांनी. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, मीही म्हणायचे. काकांनी मला नोकरी लावून दिली नाही. कुणाला चिठ्ठी लिहिली नाही की फोन केला नाही. त्यांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला, माझा रेझ्युमे, आणि तो लिहिताना दोन प्रश्न विचारले. त्यांतला एक विक्रीच्या नोकरीसाठी होता, दुसरा पुष्कळ वर्षांनी प्रशिक्षणाच्या कामासाठी. त्या दोन प्रश्नांचं ऋण या लेखात मांडायचं आहे. ते खेळ सोडणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहेत, म्हणून जरा तपशिलात सांगते.

आमच्या संघातल्या बहुतेक मुलींची नजर सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के समांतर आरक्षणावर असे. तिथं प्रमाणपत्र हेच सर्वस्व. स्पर्धा कोणती, ती कुणी घेतली, तुमचा क्रमांक कितवा, एवढंच पाहिलं जातं आणि क्रीडा खात्याकडून पडताळणी झाली की तो कागद चालतो. तुम्ही मैदानात नेमकं काय करत होता, हे तिथं कुणी विचारत नाही. त्यामुळे खेळाडूच्या घरात प्रमाणपत्रांची फाईल देवघरातल्या पोथीसारखी जपलेली असते. पण जागा मोजक्या आणि खेळाडू उदंड. ज्यांना तिथं संधी मिळत नाही, ते विमा, फायनान्स, औषध कंपन्या किंवा शाळा-अकादमींकडे वळतात. तिथं हिशेब बरोबर उलटा असतो. प्रमाणपत्राला जवळजवळ किंमत नाही आणि तुम्ही काय करत होता, यालाच सगळी किंमत. हा फरक मला काकांनी समजावला.

माझी बी.एस्सी. झाली होती, गुडघ्याचा लिगामेंट तुटून खेळ थांबला होता आणि एका औषध कंपनीत मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे आपल्या बोलीत एमआर, म्हणून अर्ज करायचा होता. मी काकांना जो रेझ्युमे दाखवला, तो आमच्याकडच्या सगळ्या खेळाडूंचा असतो तसाच होता. वर ध्येयाचं एक वाक्य, खाली स्पर्धांची दोन पानी यादी आणि शेवटी ‘मेहनती, जिद्दी, नेतृत्वगुण, सांघिक भावना’. काकांनी तो पूर्ण वाचला आणि विचारलं, “राज्य स्पर्धेत सुवर्ण म्हणजे किती संघांमध्ये? त्यात तुझं काम काय होतं?” मी सांगायला लागले तसं त्यांनी थांबवलं. “मी शेजारी आहे म्हणून विचारलं. तो मॅनेजर विचारणार नाही, खालचा कागद उचलेल.”

त्यांनी स्वतः कितीतरी मुलाखती घेतल्या होत्या. ते म्हणाले, की एमआरची जागा निघाली की मॅनेजरसमोर अर्जांचा गठ्ठा असतो आणि एकेका अर्जावर त्याची नजर जेमतेम मिनिटभर ठरते. तेवढ्या वेळात तो थोड्याच गोष्टी शोधतो. हा माणूस उन्हापावसात रोज बाहेर पडेल का? ‘नाही’ ऐकून दुसऱ्या दिवशी त्याच दारात जाईल का? संध्याकाळी खरा रिपोर्ट लिहील का? गाडी आणि लायसन्स आहे का? “सुवर्णपदकावरून यातलं त्याला काहीही कळत नाही,” काका म्हणाले, “पण ते पदक मिळवताना तू जे रोज केलंस, त्यावरून सगळं कळतं. ते लिही.”

मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला. “तुझं ऐकून कधी कुणी आपला निर्णय बदललाय?”

मी एकेक सामना सांगायला लागले. काकांनी मान हलवली. सामन्यात तुम्ही समोरच्याला हरवता. विक्रीत समोरच्याचं भलं होतंय हे त्याला पटवावं लागतं. या दोन गोष्टी एक नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणूनच ‘स्पर्धात्मक वृत्ती’ हे दोन शब्द त्यांनी माझ्या कागदावरून सर्वात आधी खोडले. ते म्हणाले, की डॉक्टरला प्रतिस्पर्धी समजणारा आणि सहकाऱ्याशी चढाओढ करणारा माणूस कोणत्याही मॅनेजरला नको असतो.

बोलता बोलता देणगीची गोष्ट निघाली. आमच्या क्लबला एका वर्षी स्पर्धेच्या प्रवासाला आणि किटला पैसे नव्हते. आम्ही मुली बाजारपेठेत दुकानोदुकानी फिरलो होतो आणि त्यात बोलायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या लेखी ही खेळाची गोष्टच नव्हती, म्हणून ती रेझ्युमेत नव्हती. काका मात्र सरसावून बसले. किती दुकानं? साठएक. किती जणांनी दिले? वीस-बावीस. “वीस की बावीस?” मला आठवेना. “पावती पुस्तक कुठंय?” ते आमच्या प्रशिक्षक सरांकडे होतं. काकांनी मला तेव्हाच्या तेव्हा सरांकडे पाठवलं.

पावती पुस्तकात 22 स्थळप्रती निघाल्या, बेरीज 31,500 रुपये. एवढ्यावर काका थांबले नाहीत. पहिल्यांदा नकार देऊन नंतर देणारे कोण होते? त्यांत एक कापड दुकानदार होते. त्यांनी पहिल्या वेळी सरळ हाकललं होतं. नंतर कळलं, की त्यांची नात आमच्याच शाळेत आहे आणि तिला खेळायचंय. मी परत गेले, पैशांचा विषयच काढला नाही, नातीला मैदानावर पाठवा म्हणाले. आठवड्याने त्यांनी स्वतः बोलावून देणगी दिली. काका म्हणाले, “ही विक्री. आधी समोरच्याची गरज शोधलीस, मग आपली गोष्ट ठेवलीस. आता हे दोन ओळींत लिही, विशेषणं न लावता.”

त्या दोन ओळी अशा झाल्या: ‘संघाच्या प्रवास व साहित्यासाठी बाजारपेठेतील सुमारे 60 दुकानदारांची प्रत्यक्ष भेट, 22 जणांकडून 31,500 रुपये देणगी, पावत्यांसह हिशेब क्लबकडे सादर. पहिल्या भेटीत नकार दिलेल्यांची पुन्हा भेट घेऊन काहींकडून देणगी मिळवली.’ यात ‘मी चिकाटीची आहे’ असं कुठंही म्हटलेलं नाही. म्हणायची गरजच उरली नाही.

काकांची लिहून घेण्याची एक पद्धत होती. प्रत्येक ओळीला ते तीन गोष्टी विचारत: किती, कशावरून आणि मग काय झालं. ‘किती’ला आकडा हवा, ‘कशावरून’ला कागद किंवा माणूस हवा आणि ‘मग काय झालं’ला निकाल हवा. तिन्हींपैकी दोहोंचं उत्तर मिळालं नाही तर ती ओळ कागदावरून जाई. ‘नेतृत्वगुण’ असाच गेला. त्याच्या जागी आलं, की कर्णधार म्हणून बाहेरगावच्या स्पर्धेला बारा जणींच्या संघाचं रेल्वे सवलतीचं आरक्षण, मुक्काम, जेवणाचा खर्च आणि परत आल्यावरचा जमाखर्च मी सांभाळला होता. ही ओळ वाचून मॅनेजरला काय दिसतं, तेही काकांनी सांगितलं. ही मुलगी आउटस्टेशनला एकटी पाठवली तर राहण्याचं-खाण्याचं बघेल आणि खर्चाची खरी बिलं देईल.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही घालवला तो माझ्या खेळाच्या नोंदवहीवर. खो-खो न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. वरिष्ठ गटात आक्रमणाची एक पाळी नऊ मिनिटांची असते. आठ जणी चौकोनांत बसलेल्या आणि नववी पाठलाग करणारी. समोरच्या संघाच्या मुली तीन-तीनच्या तुकडीने पळतीला येतात. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही की बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही, म्हणून कुणाला कधी खो द्यायचा यावरच सगळा खेळ. चांगली पळणारी दोन-अडीच मिनिटं काढते आणि तीन तुकड्यांपैकी एकीने पाळी खाल्ली की पुढचं गणित कोसळतं. त्यामुळे मी समोरच्या संघांतल्या पळणाऱ्या मुलींची वही ठेवायचे. कोण एकेरी साखळीत पळते, कोण खांबाजवळ हुलकावणी देते, कुणाचा दम मिनिटभरात जातो, मागच्या वेळी कोण कशी बाद झाली: खांबावर, सूर मारून, की साध्या स्पर्शाने. सामन्याच्या आदल्या रात्री आम्ही ती वही वाचून ठरवायचो, की अमुक मुलगी आली की खांबाच्या बाजूला कोण बसणार.

काकांनी वहीचं एक पान उघडून बराच वेळ पाहिलं आणि मग मला एमआरचं काम समजावून सांगितलं. एमआरकडे डॉक्टरांची यादी असते. कुणाकडे किती रुग्ण येतात, कुणाच्या हातून कोणत्या प्रकारची औषधं लिहिली जातात, कोण सकाळी ओपीडीआधी भेटतो आणि कोण दुपारी, यावरून डॉक्टरांची वर्गवारी होते आणि महिन्यात कुणाला एकदा भेटायचं, कुणाला दोन-तीनदा, ते ठरतं. दिवसाला दहा-बारा डॉक्टर, शिवाय केमिस्ट. केमिस्टच्या काउंटरवर उभं राहून कोणत्या डॉक्टरची कोणती चिठ्ठी येते याची नोंद घ्यायची, तिला आरसीपीए म्हणतात. रात्री दिवसभराचा रिपोर्ट भरायचा. “नवीन पोरांना हे शिकवायला मला सहा-सहा महिने लागायचे,” काका म्हणाले, “तुला माणसाची नोंद ठेवायची आणि नोंद बघून दुसऱ्या दिवशीची चाल बदलायची सवय आहे. खो-खोची सगळ्यात मोठी कमाई तुझ्या हातात ही आहे, पदक नव्हे.”

कागदावर ते असं उतरलं: ‘प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या खेळाच्या लेखी नोंदी तीन हंगाम ठेवल्या, त्यांवरून संघाची बैठक-रचना ठरवली. नोंदवही उपलब्ध.’ शेवटचे दोन शब्द काकांनी मुद्दाम घातले. मुलाखतीला वही सोबत न्यायला सांगितलं, पण स्वतःहून पिशवीतून काढायची नाही, विचारलं तरच.

पदकं त्यांनी काढून टाकली नाहीत, पण ती खाली चार ओळींत आणली. अनोळखी माणसाला कळेल असंच लिहायचं, असा त्यांचा दंडक. माझ्या एका मैत्रिणीला जानकी पुरस्कार मिळाला होता. खो-खोच्या जगात हे नाव उच्चारलं की माणसं उठून उभी राहतात. बाहेर कुणालाही त्याचा अर्थ लागत नाही. काकांनी तिच्या रेझ्युमेवर लिहायला लावलं: ‘18 वर्षांखालील राष्ट्रीय खो-खो स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुलगी खेळाडू (जानकी पुरस्कार)’. आधी अर्थ, मग नाव. जिल्हा पातळीच्या सगळ्या स्पर्धा एका ओळीत गेल्या. दोन पानांचा कागद एका पानाचा झाला.

एक ओळ मला नको होती, ती त्यांनी घालायला लावली. खेळ का थांबला, ती. गुडघ्याची शस्त्रक्रिया लपवली तर मुलाखतीत शंका उरते, की ही मुलगी दिवसभर दुचाकी चालवेल का. म्हणून शिक्षणाच्या खाली साधं लिहिलं, की दुखापतीमुळे स्पर्धात्मक खेळ थांबवला, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं पत्र सोबत, दुचाकी व लायसन्स आहे. मुलाखतीत तोच प्रश्न आला आणि अर्ध्या मिनिटात संपला. उरलेला सगळा वेळ देणगीवर आणि वहीवर गेला. वही पिशवीतून काढावी लागली.

काकांनी खेळाच्या मर्यादाही सांगून ठेवल्या, आणि त्याचा उपयोग मला नोकरी लागल्यावर झाला. मैदानात नऊ मिनिटांत कळतं, आपलं चाललंय की नाही. विक्रीत डॉक्टर पहिली चिठ्ठी लिहायला महिनोन्महिने घेतो आणि लिहिली तरी तुमच्यामुळेच लिहिली की नाही, सांगता येत नाही. खेळाडू इथं खचतात. पहिल्या तिमाहीत आकडे दिसले नाहीत की ते जोर वाढवतात, त्याच डॉक्टरकडे पुन्हा पुन्हा जातात आणि दार कायमचं बंद करून घेतात. काकांनी सांगितलं होतं, की पहिलं वर्ष निकालाकडे न बघता भेटींकडे बघायचं. ठरलेले डॉक्टर ठरलेल्या वेळी भेटले का, केमिस्टकडची नोंद खरी घेतली का, स्टॉकिस्टकडे माल आहे का. सरावाचा आठवडा जसा मोजायचा, तसा कामाचा आठवडा मोजायचा. मी तेच केलं आणि टिकले. माझ्याबरोबर लागलेल्यांतले काही वर्षभरातच सोडून गेले.

पुढं बऱ्याच वर्षांनी एका शाळेत संध्याकाळच्या खो-खो प्रशिक्षकाची जागा निघाली. मी जुनाच रेझ्युमे घेऊन काकांकडे गेले. ते आता थकले होते, पण कागद पाहताच म्हणाले, “हा त्यांना नको. त्यांचा प्रश्न वेगळा आहे.” आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. “तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाचा खेळ सुधारला?”

चांगला खेळाडू आणि चांगला प्रशिक्षक यांच्यातलं अंतर या एका प्रश्नात मावतं. तुमच्या पदकांवरून एवढंच सिद्ध होतं, की तुम्हाला खेळ येतो. तुम्हाला शिकवता येतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट अंगात खेळ मुरलेल्याला आपण नेमकं काय करतो, हेच सांगता येत नाही. तो करून दाखवतो आणि मूल गोंधळतं. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं ते क्लबमधल्या चौदा वर्षांखालच्या मुलींचं. नोकरी सांभाळून मी त्यांचा सराव घेत होते. त्यातल्या एकीला खांबावर वळता येत नव्हतं. प्रत्येक वेळी वेग सुटायचा आणि पळणारी निसटायची. मी तिला वेगात वळायला लावणं बंद केलं. आधी चालत खांब धरणं, मग कोणत्या पावलावर हात लागतो ते मोजणं, मग धिम्या धावेत तेच, असं महिनाभर घेतलं. तिचं शेवटचं पाऊल मोठं पडत होतं, म्हणून हात उशिरा पोचत होता. पाऊल लहान केल्यावर वळण जमलं आणि त्या हंगामात ती खांबावर गडी टिपायला लागली. सरांच्या गुणपत्रकांत त्याची नोंद होती.

नवा कागद या घटनेभोवती उभा राहिला. वर लिहिलं: कोणत्या वयोगटाला शिकवलं, गट किती मोठा होता, वर्षाच्या शेवटी किती मुली टिकून होत्या. टिकलेल्यांचा आकडा काकांनी आग्रहाने घातला. कारण शाळेला पदकापेक्षा मुलं येत राहणं हवं असतं आणि मुलं कंटाळून किंवा दुखापतीने गळतात, तो प्रशिक्षकाचा दोष असतो. मग आठवड्याच्या सरावाचा नमुना, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि मुलींच्या सुरक्षेसाठी पाळलेले नियम: सरावाला पालकांची लेखी संमती, अंधार पडायच्या आत सुट्टी, बाहेरगावी सोबत महिला व्यवस्थापक. माझी स्वतःची खेळातली कारकीर्द सगळ्यात खाली, एका ओळीत.

कागदपत्रांबद्दलही त्यांनी मला चौकशी करायला लावली. शाळेत पूर्णवेळ क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. लागतं, अनुभवावर ते भागत नाही. प्रशिक्षक म्हणून पुढं जायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम मोलाचा. तिथं वर्षभराची पदविका आहे आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. मला संध्याकाळचं मानधनावरचं काम हवं होतं, म्हणून रेझ्युमेवर तेवढंच मागितलं. जी पात्रता नाही तिच्या जवळपासचे शब्द वापरायचे नाहीत, हे काकांचं सांगणं. ‘प्रमाणित प्रशिक्षक’ असं लिहिणारे कितीतरी असतात. प्रमाणपत्र मागितलं की मुलाखत तिथंच संपते.

2025च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. ते पाहायला काका हवे होते. आज माझ्याकडे येणाऱ्या मुलींना हा खेळ आधीपेक्षा मोठा दिसतो आणि त्याचा मला आनंद आहे. पण विश्वचषकापर्यंत पोचणाऱ्या मोजक्याच असणार. बाकीच्या सगळ्यांना कधी ना कधी एक कागद लिहावा लागणार आहे.

म्हणून मी माझ्या प्रत्येक मुलीला एक जाड वही घ्यायला लावते आणि ती हंगामागणिक भरून घेते. देणगी कुणी गोळा केली, पावती पुस्तक कुणाकडे, दौऱ्याचा हिशेब कुणी लिहिला, लहान मुलींना कुणी काय शिकवलं, त्याचा निकाल काय लागला. खेळ चालू असताना हे लिहिणं सोपं असतं. खेळ संपल्यावर पावती पुस्तकं सापडत नाहीत, गुणपत्रकं रद्दीत जातात आणि आकडे आठवत नाहीत. हे वाचणारं कुणी आज मैदानावर असेल, तर त्यांनी या हंगामापासून सुरुवात करावी. आणि ज्यांचा खेळ संपलाय त्यांनी आधी आपल्या प्रशिक्षकांकडे जाऊन जुनी कागदपत्रं मागावीत. रेझ्युमे त्यानंतर लिहावा.